फोनवरच्या एक्सेलमध्ये डब्यांचा हिशेब: बोटाने निवडणं, ओढून भरणं आणि सेलचं रूप ठरवणं

नागपूरला मेडिकल चौकाजवळ माझी वहिनी विद्यार्थ्यांना डबे देते. दहा पोरं, सकाळ-संध्याकाळ मिळून दिवसाला दोन डबे, रविवारी संध्याकाळी सुट्टी म्हणून एकच. डब्याचा दर 70 रुपये. हिशेब आधी वहीत होता. नोव्हेंबर 2025 पासून तो फोनवरच्या एक्सेलमध्ये आला, कारण घरात कॉम्प्युटर नाही आणि पोरं पैसे विचारतात तेव्हा वहिनीच्या हातात फोनच असतो. तो तक्ता आम्ही दोघांनी स्वयंपाकघराच्या ओट्याशी बसून केला. त्यात जे अडलं आणि जसं सुटलं, ते इथे क्रमाने सांगतो. फोन अँड्रॉइडचा आहे.

तक्ता आडवा नको, उभा करा

वहीत नावं खाली-खाली आणि तारखा आडव्या होत्या. फोनवर तसं केलं तर तीस रकाने उजवीकडे पळतात आणि पडद्यावर एका वेळी चार-पाचच दिसतात. फोन आपण उभा धरतो, म्हणून लांब बाजू खाली जायला हवी. आम्ही तारखा खाली घेतल्या आणि नावं वर आडवी टाकली.

A1 मध्ये "दर" लिहिलं, B1 मध्ये 70. दुसरी ओळ मोकळी ठेवली. A3 मध्ये "तारीख", B3 पासून K3 पर्यंत दहा पोरांची नावं. तारखा A4 ते A33, म्हणजे बरोबर तीस दिवस. 34 व्या ओळीत एकूण डबे आणि 35 व्या ओळीत रक्कम. वर "नोव्हेंबरचा हिशेब" असं मोठं शीर्षक सेल जोडून टाकायचा मोह होतो. तो टाळा. जोडलेला सेल मध्ये आला की ओढून भरताना एक्सेल अडून बसतं.

आकडे इंग्रजी कीबोर्डवरूनच टाका. टाकल्यावर आकडा सेलच्या उजव्या कडेला गेला पाहिजे. तो डावीकडे चिकटून राहिला, तर एक्सेलने त्याला आकडा मानलेलं नाही, मजकूर मानलेलं आहे, आणि बेरजेत तो धरला जाणार नाही.

हिरवा ठिपका निवडतो, भरत नाही

सेलवर एकदा टेकवलं की त्याला हिरवी चौकट येते आणि चौकटीच्या दोन कोपऱ्यांवर, वर डावीकडे आणि खाली उजवीकडे, गोल ठिपके दिसतात. दोनदा पटापट टेकवलं की सेल लिहायला उघडतो. निवडलेल्या सेलवर थोडं थांबून पुन्हा एकदा टेकवलं की Cut, Copy, Paste असे पर्याय असलेली काळी-पांढरी पट्टी वर येते. या तीन गोष्टींमधला फरक बोटात बसायला अर्धा तास लागतो. तो बसेपर्यंत महत्त्वाच्या फाईलला हात लावू नये.

अनेक सेल निवडायचे तर बोट सेलच्या मधोमध ठेवून ओढायचं नाही. तसं केलं की कागद सरकतो, निवड होत नाही. बोट खालच्या ठिपक्यावरच पडलं पाहिजे. ठिपका लहान वाटत असेल तर आधी दोन बोटांनी पान मोठं करा, ठिपका नीट पकडा आणि मग ओढा. लांबची निवड करायची असेल तर उलट, पान लहान करून घ्या. म्हणजे तीसच्या तीस ओळी पडद्यावर मावतील. पडद्याच्या काठापर्यंत बोट गेलं की पान आपोआप धावायला लागतं आणि हवी ती ओळ मागे टाकून चाळीस-पन्नासपर्यंत पोचतं. तसं झालं तर बोट उचला आणि ठिपका परत वर ओढा. निवडीने काही बिघडत नाही.

पूर्ण रकाना हवा असेल तर वरच्या अक्षरावर टेकवा, पूर्ण ओळ हवी असेल तर डावीकडच्या आकड्यावर. भरलेल्या रकान्यात ठिपक्याला खाली हलका झटका दिला की निवड भरलेल्या भागाच्या शेवटापर्यंत जाते. पण दूरदूरचे सेल, समजा पाचवी, बारावी आणि एकोणिसावी ओळ, कॉम्प्युटरवर कंट्रोल दाबून एकत्र निवडतो, तसं फोनवर करता येत नाही. ही मर्यादा लक्षात ठेवा. रविवारांच्या वेळी ती आडवी येते.

बोटं कोरडी हवीत. ओल्या किंवा पिठाच्या हाताने पडदा चुकीची जागा पकडतो. नागपूरच्या मे महिन्यात घामाने तेच होतं. वहिनी आता पदराला हात पुसूनच फोन घेते.

ज्यांनी कॉम्प्युटरवर एक्सेल वापरलं आहे त्यांची हमखास चूक इथे होते. तिथे खालच्या उजव्या कोपऱ्यातला बारीक चौकोन ओढला की सेल भरत जातात. फोनवर त्याच जागी हिरवा ठिपका आहे, आणि तो फक्त निवड वाढवतो. भरण्यासाठी वेगळं पाऊल आहे: सेल निवडा, निवडीवर पुन्हा टेकवा आणि पट्टीतून Fill घ्या. पट्टीत दिसत नसेल तर पट्टी बाजूला सरकवा. Fill घेतल्यावर चौकटीच्या खालच्या आणि उजव्या कडेला बाणाच्या खुणा येतात. आता त्यातली एक खूण धरून ओढायची. खालची धरली की खाली भरतं, उजवीकडची धरली की उजवीकडे.

तारखा, आणि रविवारांचा रंग

A4 मध्ये पहिली तारीख टाकताना 01/11/2025 असं लिहू नका. फोनचा प्रदेश अमेरिका असेल तर एक्सेल ते 11 जानेवारी समजतं आणि भरल्यावर खाली 12 जानेवारी, 13 जानेवारी येत जातं. लक्ष नसेल तर चूक महिनाअखेरच कळते. त्याऐवजी महिना अक्षरात लिहा, म्हणजे गोंधळाला जागाच राहत नाही:

```
1-Nov-2025
```

आता A4 निवडून Fill घ्या आणि खालची खूण A10 पर्यंत ओढा. एकच तारीख दिली तरी एक्सेल दिवसागणिक पुढे जातं आणि 7 नोव्हेंबरपर्यंत भरतं. इथे थांबा, पूर्ण महिना एकदम भरू नका.

1 नोव्हेंबर 2025 ला शनिवार होता, म्हणजे 2 तारखेला रविवार, आणि तो आहे A5 मध्ये. A5 निवडा. वरच्या बाजूला पेन्सिल असलेलं A अक्षर आहे, ते दाबा. खालून पट्टा उघडतो. त्यात Home मध्ये रंगाच्या डब्याची खूण आहे. तिथून फिकट नारिंगी रंग घेतला.

मग A4 ते A10 हे सात सेल निवडायचे, Fill घ्यायचं आणि A33 पर्यंत ओढायचं. तारखा 30 पर्यंत गेल्या आणि नारिंगी रंग आपसूक 9, 16, 23 आणि 30 तारखेवर जाऊन बसला. कारण Fill फक्त आकडा नेत नाही, सेलचा पोशाखही नेतं. सात सेलांचा नमुना दिला की तो दर सात सेलांनी परत येतो. रविवार एकेक करून रंगवावे लागले असते, ते या एका ओढीत झाले.

तारखांच्या जागी #### दिसलं तर घाबरू नका. रकाना अरुंद आहे एवढंच. वर A अक्षरावर टेकवून त्याच्या उजव्या कडेची खूण थोडी ओढा.

डबे भरताना झालेली चूक

इथे आमची एक चूक झाली, आणि तीच सगळ्यात शिकण्यासारखी आहे. मला वाटलं, रंगाचा नमुना सात दिवसांनी परत आला, तर डब्यांचाही येईल. म्हणून पहिल्या पोराच्या रकान्यात, B4 ते B10, पहिल्या आठवड्याचे डबे लिहिले: 2, 1, 2, 2, 2, 2, 2. मग ते सात सेल निवडून Fill ने B33 पर्यंत ओढले.

8 तारखेला आलं 2.142857. 9 तारखेला 2.214286. शेवटी 30 तारखेला 3.714286.

"काहून असं आलं, भाऊजी? पाऊण डबा कोणाला देऊ?" वहिनीने विचारलं.

कारण असं. दोन किंवा जास्त आकडे निवडून ओढले की एक्सेल त्यांची नक्कल करत नाही. त्या आकड्यांचा कल काढतं आणि ती रेष पुढे वाढवतं. 1, 2, 3 दिले तर 4, 5, 6 मिळतं, ते याच कारणाने. आपल्या सात आकड्यांत फक्त दुसरा लहान होता, म्हणून रेष हळूहळू चढती निघाली. एकाच आकड्यावरून ओढलं तर मात्र तो आकडा जसाच्या तसा उतरतो.

आता यातला धोका पाहा. आम्ही आधीच Number Format मधून दशांश काढून टाकले असते, तर 2.142857 च्या जागी पडद्यावर नुसतं 2 दिसलं असतं. 9 तारखेचा रविवार सोडला तर 12 तारखेपर्यंत सगळं बरोबर वाटलं असतं. सेलचं रूप बदललं तरी आतला आकडा तोच राहतो, आणि बेरीज आतल्या आकड्याची होते. तपासून पाहिलं: एकूण 80.36 डबे आणि रक्कम 5,625 रुपये. खरं उत्तर 25 दिवस दोन आणि 5 रविवार एक, म्हणजे 55 डबे आणि 3,850 रुपये. एका पोरामागे 1,775 रुपयांचा फरक. म्हणून सांगतो, भरणं तपासून होईपर्यंत दशांश लपवू नका.

वरच्या उलट्या बाणाने ते सगळं मागे घेतलं. फाईल वनड्राइव्हवर असेल तर ती आपोआप जतन होत राहते, "जतन न करता बंद करू" हा मार्ग राहत नाही. म्हणून चूक दिसताच लगेच उलटा बाण दाबा.

योग्य क्रम असा निघाला. B4 मध्ये फक्त 2 लिहायचं, Home मधून ते मधोमध करायचं, मग त्या एकाच सेलवरून Fill घेऊन B33 पर्यंत ओढायचं. सगळीकडे 2 येतं. आता नारिंगी तारखांसमोर, म्हणजे B5, B12, B19, B26 आणि B33 मध्ये, हाताने 1 लिहायचं. पाचच सेल आहेत, मिनिटभराचं काम. मग B4 ते B33 पूर्ण निवडून Fill घ्यायचं आणि या वेळी उजवीकडची खूण K पर्यंत ओढायची.

आता नुसत्या नकला उतरतात, कल निघत नाही. आडवं ओढताना एक्सेल प्रत्येक ओळीचा वेगळा विचार करतं आणि प्रत्येक ओळीत त्याच्याकडे एकच आकडा असतो. तेच तीस आकडे, पण ओढायची दिशा बदलली की निकाल बदलतो.

खात्री करायची सोपी रीत आहे. B4 ते B33 निवडले की पडद्याच्या तळाशी निवडीची बेरीज दिसते. ती 55 असली पाहिजे. तिथे सरासरी किंवा दुसरं काही दिसत असेल तर त्यावर टेकवून बेरीज घ्या. मग K रकान्याचीही तशीच पाहा. दोन्ही टोकं बरोबर असली की मधले आठ बहुतेक बरोबरच असतात.

बेरीज, रक्कम आणि डॉलरची खूण

B34 वर टेकवा, वरच्या सूत्रपट्टीवर टेकवा आणि लिहा:

```
=SUM(B4:B33)
```

लिहून झालं की पट्टीशेजारची बरोबरची खूण दाबा. ती न दाबता दुसऱ्या सेलवर टेकवलं तर त्या सेलचा पत्ता सूत्रात घुसतो. फोनवर सूत्रं बिघडतात ती बहुतेक वेळा अशीच. B33 ऐवजी B34 लिहिलं तर सेल स्वतःलाच मोजायला लागतो आणि एक्सेल त्याबद्दल इशारा देतं.

रकमेसाठी B35 मध्ये आम्ही आधी साधं =B34*B1 लिहिलं. पहिल्या पोराचे 3,850 आले. उजवीकडे भरल्यावर बाकी नऊ जणांची रक्कम शून्य. सूत्र एक रकाना सरकलं की त्यातले पत्तेही सरकतात: C35 मध्ये ते =C34*C1 झालं, आणि C1 मध्ये काहीच नाही. पहिलं बरोबर आणि पुढे सगळी शून्यं दिसली की समजायचं, दराचा पत्ता सरकला. तो खिळवून ठेवायला डॉलरची खूण लागते:

```
=B34*$B$1
```

कॉम्प्युटरवर F4 दाबून ही खूण येते, फोनवर हाताने लिहायची. बहुतेक कीबोर्डवर खुणांच्या पानावर ₹ असतो, तो दाबून धरला की वर $ मिळतो.

आता लगेच उजवीकडे ओढू नका. आधी B34 आणि B35 सजवून घ्या: दोन्ही ठळक करा, B35 ला Number Format मधून चलन द्या. ₹ न येता $ आला तर फोनचा प्रदेश भारत नाही असं समजा. मग B34 ते B35 एकत्र निवडून Fill घ्या आणि K पर्यंत ओढा. सूत्र आणि रूप दोन्ही एकदम जातात, दहा वेळा सजवावं लागत नाही. तक्त्याच्या रेघा मात्र सगळ्यात शेवटी काढा, A3 ते K35 निवडून Home मधल्या बॉर्डरच्या खुणेने. आधी काढल्या तर पुढे कुठेही Fill केलं की पहिल्या सेलच्या रेघा बाकीच्यांवर उमटतात आणि जाड-बारीक रेघांची मोडतोड होते.

नावं लांब असतील तर B3 ते K3 निवडून Wrap Text लावा, नाव दोन ओळींत बसतं आणि रकाना अरुंद ठेवता येतो. मग B4 वर टेकवा आणि पट्ट्यातला Home बदलून View घ्या. तिथून Freeze Panes लावलं की खाली 30 तारखेपर्यंत गेलं तरी नावं वर राहतात आणि उजवीकडे गेलं तरी तारखा डावीकडे राहतात. फोनवर हे केलं नाही तर चुकीच्या पोराच्या रकान्यात सुट्टी पडणारच.

एक पोरगा 11 ते 14 नोव्हेंबर गावी गेला होता. त्याच्या रकान्यात 14 व्या ओळीत 0 लिहून त्या एका सेलवरून 17 व्या ओळीपर्यंत Fill केलं. डबे 55 वरून 47 झाले आणि रक्कम 3,290. सगळ्यांची मिळून 37,940.

तुमच्याकडे गूगल शीट्स असेल तर

तिथे निवडीचे ठिपके निळे असतात आणि ओढायची खूण वेगळी येत नाही. भरलेला सेल आणि पुढचे रिकामे सेल दोन्ही मिळून ठिपक्याने निवडायचे, निवडीवर बोट दाबून धरायचं आणि आलेल्या यादीतून Autofill घ्यायचं. डॉलरची खूण आणि सरकणारे पत्ते तिथेही असेच चालतात.

डिसेंबरचं पान

नोव्हेंबरच्या पानाच्या नावावर बोट दाबून धरून Duplicate घ्या आणि नक्कल केलेल्या पानाचं नाव बदला. डिसेंबरला एक दिवस जास्त आहे. नवी ओळ 33 च्या खाली घालू नका, कारण SUM तिथपर्यंत पोचेलच याची खात्री नाही. 33 या आकड्यावर टेकवून त्याच्या वर ओळ घाला. ती बेरजेच्या हद्दीत पडते आणि सूत्र आपोआप B4:B34 होतं. मग A4 ते A34 निवडून जुना नारिंगी रंग काढा, A4 मध्ये 1-Dec-2025 लिहा आणि A10 पर्यंत भरा. 1 डिसेंबरला सोमवार आहे, म्हणून पहिला रविवार 7 तारखेला, A10 मध्ये येतो. रंग त्याला द्या आणि सात सेलांवरून A34 पर्यंत ओढा. B4 मध्ये पुन्हा एकटं 2, खाली 34 पर्यंत, रविवारी म्हणजे 10, 17, 24 आणि 31 व्या ओळीत 1, आणि मग पूर्ण रकाना उजवीकडे. तळाशी बेरीज 58 आली पाहिजे.